गेमिंग क्लबच्या पत्रावरचा माझा शेरा

प्राचार्यांनी ते पत्र माझ्यापुढं सरकवलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "क्रीडा संचालक तुम्ही. अभिप्राय लिहा आणि परवापर्यंत परत द्या."

मी तिथंच उभ्या उभ्या वाचलं. 'विषय : गेमिंग क्लबसाठी खोली व निधी मिळणेबाबत.' खोली म्हणजे कोणती, तर व्यायामशाळेला लागून असलेली माझी जुनी सामानाची खोली. फाटक्या मॅट, हवा गेलेले व्हॉलीबॉल, मोडकी बॅडमिंटनची जाळी, सगळं तिथंच पडलेलं असतं. खोलीचं नाव वाचूनच माझ्या कपाळाला आठी पडली. ह्यांना नेमकी माझीच खोली कशी दिसली? कुणी दाखवली?

मी बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरचा. आयुष्य कबड्डीत गेलं, गुडघे त्यातच गेले. आमच्या कॉलेजात निम्मी पोरं बारामतीकडची, निम्मी इंदापूरकडून एसटीनं येणारी. त्यांची नस मला ठाऊक आहे असा माझा तोरा होता. पोरगं गोड बोलायला लागलं की त्याच्या खिशात काय आहे ते आधी बघावं, ही माझी जन्माची सवय. आणि ते पत्र फारच गोड होतं.

दोन पानं, नीट टाइप केलेली. चार कन्सोल, चार जुने मॉनिटर (संगणक विभागानं बाद केलेले, ते मागून घेऊ), मशीनचं आपापसात नेटवर्क जोडायला एक आठ पोर्टचा स्विच, केबल आम्ही स्वतः तयार करू. वेळ साडेतीन ते साडेपाच. फुटबॉल आणि गाड्यांच्या शर्यतीचेच गेम, मारामारीचे नाहीत. आत येणाऱ्यानं रजिस्टरात सही करायची, पैसे लावून काहीही खेळायचं नाही, तीन दुकानांची कोटेशन सोबत जोडली आहेत, निधी विद्यार्थी उपक्रमांच्या तरतुदीतून मिळावा. खाली अकरा सह्या, बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाच्या. त्यातल्या सहा मुलींच्या.

मी स्वतःशीच म्हणालो, अरे वा! एवढं सगळं पोरांना सुचतं? ह्यामागं कुणीतरी आहे.

आमच्याकडं त्या वेळी वातावरणच तसं होतं. मोबाईलवर पैसे लावायच्या ॲपांनी बरीच घरं पोखरली होती. कारखान्यावर कामाला असलेला माझा एक चुलतभाऊ त्यात ट्रॅक्टर घालवून बसला होता. पुढं त्या ॲपांवर बंदी आली, पण 'गेम' हा शब्द ऐकला की गावाकडं आजही माणसं खिसा चाचपतात. त्यात 'नेटवर्क' म्हटल्यावर माझी खात्रीच पटली. खोली माझी, वीज कॉलेजची, आणि आत ह्यांचा अड्डा.

पत्रात पहिली सही जिची होती तिला मी जिमखान्यात बोलावलं. इंदापूर तालुक्यातली पोरगी, उजनीच्या पाण्याच्या अंगाला तिचं गाव. आज्यापर्यंत मेंढरं राखणारं घर, आता थोडी शेती आणि बापाचा दुधाचा टेंपो. बुटकी, केस घट्ट बांधलेले, बोलताना नजर खाली न घालणारी. ती नजर खाली घालत नाही, हेच मला आधी खटकलं.

"हे कुणी लिहून दिलं?" मी विचारलं.

"मीच सर."

"आणि नेटवर्क कशाला पाहिजे? वायफायवर काय काय चालतं ते मला कळत न्हाय व्हय?"

"वायफाय नकोच हाय सर. इंटरनेट लागतच न्हाय. चार मशीन एका स्विचला वायरनं जोडायच्या, त्या आपापसातच बोलतात. खोलीच्या बाहेर काहीच जात न्हाय." तिनं माझ्या टेबलावर खडूनं चार चौकोन काढले, मधी एक लहान चौकोन, आणि चार रेघा जोडल्या. "गेम एकदा बाहेरनं उतरवून घ्यायचे, मग नेट बंद. चार जण चार पडद्यांवर, पण शर्यत एकच."

"मग मोबाईलवर खेळा की घरी बसून."

"घरी कुठं, सर?" ती म्हणाली. "पोरांना बाहेर जागा हाय. आमाला न्हाय. ही खोली मिळाली तर मुली खेळतील, न्हायतर न्हाय. मी मामाकडं पुण्याला सुट्टीत खेळलीय, मला येतं. मला स्पर्धेला संघ न्यायचाय, सर. निम्मा मुलींचा."

हे तिनं मला तोंडावर, स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. आणि मी काय ऐकलं? मी ऐकलं की पाठ करून आलीय. मुलींचं नाव पुढं केलं की प्राचार्य विरघळतात, हे कुणी टग्यानं तिला शिकवलंय, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

ती गेल्यावर मी पत्र उजेडाला धरलं. सहाही मुलींच्या सह्या एकाच निळ्या शाईच्या. सगळ्या जरा उजवीकडं कललेल्या. घ्या! म्हणजे एकाच हातानं ठोकल्यात. पाच पोरं, त्यांना सामील एक पोरगी, आणि बाकीच्या पाच मुलींना ह्याचा पत्ताही नाही. मला एवढा आनंद झाला की सांगता सोय नाही. चोर पकडल्याचा आनंद.

सरळ रस्ता काय होता? प्रवेश अर्जांवर सगळ्यांच्या सह्या असतात. कार्यालयात जायचं, सहा अर्ज काढायचे, सह्या शेजारी शेजारी धरून बघायच्या. गेलोही होतो मी. पण अर्जांच्या कपाटाची चावी क्लार्ककडं आणि क्लार्क चहाला गेलेला. दहा मिनिटं थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण मला धीर कुठला! भिंतीवर वर्गाची यादी डकवलेली होती, मुलांची नावं आणि पालकांचे मोबाईल. आमच्याकडं मुलींच्या नावापुढं बापाचाच नंबर असतो, पोरीचा कुणी देत नाही. मी खुर्ची ओढली आणि एकेक फोन लावायला सुरुवात केली.

"कॉलेजातनं बोलतोय. तुमच्या मुलीनं गेमिंग क्लबच्या पत्रावर सही केलीय. तुमाला माहीत हाय का?"

माळेगावच्या एका बापानं विचारलं, "गेम म्हंजी ते पैसं लावायचं व्हय सर?"

आणि मी म्हणालो, "ते बघतोय मी."

ह्या तीन शब्दांची मला आजही लाज वाटते. 'नाही' म्हणायला काय जात होतं? पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, पैसे लावायचे नाहीत. पण मला खात्री नव्हती, आणि खात्री नसताना 'नाही' म्हणायचं म्हणजे आपण जबाबदारी घेतल्यासारखं होतं. म्हणून ज्यानं ज्यानं विचारलं त्याला तेच. ते बघतोय मी, ते बघतोय मी.

सगळ्यात शेवटी त्या पोरीच्या बापाला लावला. पलीकडं टेंपोचा आवाज. तो एवढंच म्हणाला, "बरं. इचारतो तिला." ना राग, ना प्रश्न. मला वाटलं, हाही काहीतरी लपवतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामशाळेच्या दारात दोन बाप उभे. एकाच्या गळ्यात फॅक्टरीचं ओळखपत्र अजून तसंच, पाळी संपवून थेट आलेला. पोरगी मागं, रडून डोळे सुजलेले. बापानं मला नमस्कार केला आणि पोरीला म्हणाला, "सांग सरांना."

"सही माझीच आहे," ती पुटपुटली. "पण मला क्लबात राहायचं नाही. नाव कमी करा."

दुसरीचंही तेच. मी विचारलं, "सगळ्यांची शाई एकच कशी?" तर म्हणाली, मुलींच्या खोलीत एकीकडंच पेन होतं, ते फिरवलं. झालं! माझा एवढा मोठा तपास एका पेनात संपला. दुपारपर्यंत आणखी तिघींचे अर्ज आले, नाव वगळावे म्हणून. एकीचा तर मोबाईलच घरी काढून घेतला होता. सहापैकी एकच नाव उरलं, त्या पोरीचं.

कुणी म्हणेल, तेव्हा तरी माझे डोळे उघडले असतील. छे! मी नवा संशय काढला. सह्या खऱ्या, ठीक आहे. पण मग कोटेशनं कुणाची? त्यातल्या एका दुकानाचा पत्ता एमआयडीसीच्या रस्त्याचा होता. तिथं एका गाळ्यात गेम पार्लर चालतं हे मला ठाऊक होतं. म्हटलं, पार्लरवाल्याला आपली जुनी मशीन कॉलेजच्या गळ्यात मारायची असणार. संध्याकाळी कंपन्या सुटायच्या वेळेला गाडी काढली आणि गेलो.

काचेला काळी फिल्म लावलेला गाळा. आत थंडगार अंधार, सोफ्यावर लोळलेली पंधरा-वीस पोरं, मोटारसायकलच्या चाव्या बोटात फिरवत एकमेकांना आईबहिणीवरनं हाका मारत होती. मालक तरुण होता, मला बघून उभा राहिला. त्या कोटेशनच्या दुकानाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, ते दुकान चार गाळे सोडून पुढं होतं.

मी मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुली येतात का हितं?"

तो हसला. "एकदा दोघी आलत्या सर, तुमच्याच कॉलेजच्या. एक बारकी, केस बांधलेली. लई भारी खेळत हुती. सलग तिघांना हरवलं तिनं. मग पोरांनी मोबाईलवर तिचं शूटिंग करायला सुरवात केली, कुणी कायबाय बोललं. गेल्या उठून. परत न्हाय आल्या. मी काय करणार, गिऱ्हाईक तीच हाय माझी."

मी बाहेर येऊन गाडीवर बसलो, पण किक मारली नाही. 'पोरांना बाहेर जागा हाय. आमाला न्हाय.' तिनं मला सांगितलं होतं. टेबलावर चौकोन काढून सांगितलं होतं. पाच मुलींची नावं मी माझ्या हातानं, माझ्या फोननं पुसून टाकली होती. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

मग मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. पत्राच्या समासात शेरा लिहिला, 'मागणी योग्य. खोली रिकामी करून देण्यास तयार. शिफारस.' महाविद्यालय विकास समितीत प्राचार्यांना म्हणालो, आधी बघू तरी. त्या पोरीनं ओळखीतून दोन कन्सोल आणले, संगणक विभागाचे दोन मॉनिटर घेतले, स्वतः टोकं दाबून तयार केलेल्या केबल स्विचला लावल्या. समितीतल्या एका आबांनी माझ्यासारखाच प्रश्न विचारला, "ह्यात इंटरनेटवरनं जुगार चालतो म्हणं?"

ती म्हणाली, "आबा, तुमीच कॉलेजच्या नेटची वायर काढा." आबांनी भिंतीतली वायर उपसून हातात धरली. दोन पडद्यांवरच्या गाड्या धावतच राहिल्या. आबा वायरीकडं बघतात, पडद्याकडं बघतात. "मग ह्या गाड्या एकमेकीला दिसत्यात कशा?" तिनं स्विचवरचे लुकलुकणारे हिरवे दिवे दाखवले. आबा खाली बसले आणि त्यांनी रिमोटसुद्धा हातात घेऊन बघितला. मंजुरी त्याच बैठकीत झाली. खोली, चार कन्सोल, दोन नवीन प्लग पॉइंट, आणि प्रभारी म्हणून मी.

पण मंजुरीच्या यादीत नावं सहा. पाच पोरं आणि एक ती. ती मला म्हणाली, "सर, मी हाय तोवर बाकीच्या येतील. मी एकेकीच्या घरी बोलते. सध्या माझं घर तेवढं शांत हाय." ह्या वेळी मी तिच्यावर शंका घेतली नाही. शंका घेतली ती तिच्या घरावर. शांत म्हणजे कसं शांत? तो बाप फोनवर दोन शब्द बोलला होता. उद्या त्याचे कुणी कान भरले तर? एकच उरलेली पोरगीही हातची जाईल. आपण लावलेली आग आपणच जाऊन विझवावी, असं मी ठरवलं. तिला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर तिनं मला थांबवलं असतं.

रविवारी सकाळी इंदापूरच्या अंगाला निघालो. शोधत शोधत तिच्या गावात पोचलो, चौकात दोघांना पत्ता विचारला. पत्ता देणारे माझ्या मागं घरापर्यंत आले. घर साधं, दारात टेंपो धुवायला लावलेला. पोरगी पाणी भरत होती. मला बघून तिच्या हातातली कळशी तिथंच राहिली. तिच्या चेहऱ्यावर मी एवढी भीती कधी बघितली नव्हती.

बापानं सतरंजी टाकली, पाणी दिलं, चहा झाला. मी सगळं सांगितलं. गेम म्हणजे जुगार नाही, खोली माझ्या नजरेखाली, मी प्रभारी, तुमची मुलगी हुशार आहे, तात्या, तिला अडवू नका. तो ऐकत होता. दारात तोवर पाच-सहा माणसं जमली होती, भिंतीवरनं दोन बायका वाकून बघत होत्या.

माझं संपल्यावर तो सावकाश म्हणाला, "सर, तुमचा फोन आला तवा मी पोरीला इचारलं. ती म्हणली, सही माझीच हाय, चांगलं काम हाय. मी म्हणलं, बरं. इषय तितंच मिटला हुता." त्यानं दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पण आज तुमी सवता आलाय. ऐतवारचं, एवढ्या लांब. ह्या गावात कंच्या पोरीसाठी कॉलेजचा मास्तर दारात आल्याचं मी बघितलं न्हाय. काय नसताना माणूस एवढा येत न्हाय."

"अहो खरंच काही नाही, तात्या!" मी जवळजवळ ओरडलोच.

"मग आलासा कशाला?" त्यानं विचारलं.

मी परत पहिल्यापासून सांगायला लागलो. माझ्यासारखाच माणूस समोर बसला होता. जिथं काही नाही तिथंच काहीतरी आहे असं धरून चालणारा, आणि त्याला ते धरायला लावलं होतं मी. मी जितकं जास्त बोललो तितका तो गप्प होत गेला. निघताना दारातल्या माणसांनी मला वाट करून दिली, पण रामराम कुणी केला नाही.

सोमवारी साडेतीनला खोली उघडली. पाच पोरं आधीच वायरी जोडत बसली होती. ती आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. एका पोराला बाहेर बोलावून तिनं कुठली केबल कुठल्या पोर्टला ते समजावून सांगितलं, मॉनिटरचा एक बिघाड कसा काढायचा तेही सांगितलं. मग माझ्याकडं आली आणि घडी घातलेला कागद दिला. 'विषय : गेमिंग क्लबमधून नाव वगळणेबाबत.' ह्या वेळी टाइप केलेला नव्हता, हातानं लिहिलेला होता, अक्षर वहीच्या रेघेला धरून नीट.

मी म्हणालो, "बाळ, थांब जरा. मी प्राचार्यांना घेऊन परत तुझ्या घरी..."

"नको सर!" ती घाईनं म्हणाली, मग शांत झाली. "कॉलेज चालू ठेवलंय घरच्यांनी. तेवढं ऱ्हाऊ द्या."

कागदावर प्रभारीचा शेरा लागतो. मी पेन काढलं. नुसता त्या सहीकडं बघत राहिलो. तिला वाटलं, मी परत तेच करतोय.

"सही माझीच हाय, सर," ती म्हणाली. "घरी फोन लावायची गरज न्हाय. वडलांनी शेजारी बसूनच करून घेतलीय."

आतनं पोरांचा ओरडा आला, कुणाची तरी गाडी पहिली आली होती. ती तिकडं न बघता एसटीच्या वेळेला निघून गेली. मी त्या कागदावर 'शिफारस नाही' असं लिहून प्राचार्यांकडं पाठवलं, आणि प्राचार्यांनी खाली लिहिलं, 'पालकांची इच्छा लक्षात घेता मान्य.'